होमस्टेचा आराखडा सुरू झाला, आता दर महिन्याला नेमकं काय मोजायचं?

सत्तरीची_वाट | ४ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी. वाळपईच्या पुढे, चोर्ला घाटाच्या वाटेवर आमचा पाच खोल्यांचा होमस्टे आहे. १ जूनपासून नवा आराखडा सुरू केला. त्यात तीन गोष्टी ठरवल्या आहेत. पोर्टलवरून येणारं बुकिंग कमी करून थेट बुकिंग वाढवायचं, पावसाळ्यात आठवड्याच्या मधल्या दिवशी रिकाम्या पडणाऱ्या खोल्या भरायच्या, आणि खोल्यांतून हातात उरणारा पैसा वर्षाअखेरीस गेल्या वर्षापेक्षा दोन लाखांनी वाढवायचा.

मासिक डॅशबोर्डसाठी मी शीटमध्ये २३ आकडे घेतले. ऑक्युपन्सी, सरासरी दर, चौकशा, वेबसाइटच्या भेटी, इन्स्टाचे फॉलोअर, रिव्ह्यूचे गुण, वीजबिल वगैरे. तीन महिने न चुकता भरले. दर वेळी दोन दिवस जातात आणि शेवटी आराखडा चालतोय की नाही ते कळत नाही. जुलैची ऑक्युपन्सी गेल्या वर्षी ३५ टक्के होती, यंदा ४० झाली. तरी बँकेत तसं काही जाणवत नाही. यातले कोणते आकडे ठेवू आणि कोणते काढू?

मोगरा_डिचोली

ताई, इतकं कशाला? ऑक्युपन्सी एकच बघायची. खोल्या भरल्या की धंदा चालला. पावसाळ्यात ३५ चे ४० झाले म्हणजे आराखडा लागू पडतोय.

हिशेबनीस

मोगरा, खोल्या भरणं गरजेचं आहे हे बरोबर. पण ऑक्युपन्सी वाढवायचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे दर पाडणं. त्यामुळे हा आकडा एकटा ठेवला की तो चुकीच्या निर्णयालाही शाबासकी देतो.

सत्तरीची_वाट, २३ तले कोणते ठेवायचे ते आधी ठरवू नका. तुमच्याच जुलैवर हिशेब करून बघू, कोणत्या आकड्याने काही सांगितलं ते तिथेच दिसेल. एवढं द्या: दोन्ही वर्षांच्या जुलैमध्ये किती रूम नाइट विकल्या, त्यातल्या थेट किती आणि पोर्टलवरून किती, प्रत्येकाचा दर, पोर्टलचं कमिशन, आणि एक खोली एक रात्र भरली की जादा लागणारा खर्च. तो खर्च म्हणजे धुलाई, नाश्ता, साबण, गरम पाणी एवढंच. पगार आणि कर्जाचा हप्ता त्यात धरू नका, ते खोली रिकामी असली तरी जातातच.

कळंगुटचो_वारो

डॅशबोर्ड लुकर स्टुडिओत करणार की पॉवर बीआयमध्ये? लुकर फुकट आहे आणि शीटला सरळ जोडता येतो.

हिशेबनीस

वारो बाब, पाच खोल्यांना एक शीट पुष्कळ झाली. आत्ता प्रश्न काय मोजायचं हा आहे, दाखवायचं कुठे ते नंतर बघता येईल.

सत्तरीची_वाट

आकडे काढले.

जुलै २०२४: ५४ रूम नाइट. थेट ६, पोर्टल ४८. दर सगळीकडे २,६००.
जुलै २०२५: ६२ रूम नाइट. थेट २२, पोर्टल ४०. थेटचा दर २,०००, पोर्टलवर २,३१०. दर सगळे दिवस हेच होते.
कमिशन १८ टक्के. भरलेल्या खोलीमागे रात्रीचा जादा खर्च साधारण ४५०. दोन्ही वर्षी तोच धरायला हरकत नाही.

हिशेबनीस

छान. पाच खोल्या आणि ३१ दिवस, म्हणजे विकायला १५५ रूम नाइट होत्या. आता एकाच महिन्याकडे तीन पायऱ्यांवरून बघा.

पहिली पायरी खोल्यांच्या विक्रीची. गेल्या वर्षी १,४०,४००, यंदा १,३६,४००. आठ रात्री जास्त विकूनही चार हजार कमी आले. असं का? आठ रात्री वाढल्या त्यांचे जुन्या दराने २०,८०० मिळाले असते. पण सरासरी दर २,६०० वरून २,२०० वर आला, आणि ६२ रात्रींवर ४०० प्रमाणे २४,८०० गेले. तुम्हाला बँकेत फरक का जाणवला नाही त्याचं उत्तर बरंचसं इथेच आहे.

दुसरी पायरी कमिशन वजा केल्यावरची. गेल्या वर्षी २२,४६४ कमिशन गेलं, यंदा १६,६३२. वजा केल्यावर उरले १,१७,९३६ आणि १,१९,७६८. इथे यंदाचा जुलै पुढे गेला, कारण थेट बुकिंग वाढलं.

तिसरी पायरी भरलेल्या खोलीचा खर्च काढल्यावरची. गेल्या वर्षी ९३,६३६, यंदा ९१,८६८. पुन्हा यंदाचा जुलै मागे पडला, कारण जास्त आठ रात्रींची धुलाई आणि नाश्ता करावा लागला.

एकाच महिन्याबद्दल तीन आकड्यांनी तीन निकाल दिले. तुमच्या आराखड्याचं ध्येय ‘हातात उरणारा पैसा’ असं लिहिलेलं आहे, म्हणून तिसरी पायरी हा तुमचा मुख्य आकडा. तो १५५ ने भागून दर उपलब्ध रात्रीमागे मांडा, म्हणजे ३० आणि ३१ दिवसांचे महिने शेजारी ठेवता येतील.

बिलं_वाचा

हिशेबनीस बाब, एक दुरुस्ती. पोर्टल १८ टक्के कमिशन घेतं आणि त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी लावतं. जीएसटी नोंदणी नसेल तर तो कर परत मिळत नाही, तो खर्चच होतो. म्हणजे खरी कपात १८ नाही, २१.२४ टक्के.

असं धरलं तर गेल्या वर्षीची कपात २६,५०८ आणि यंदाची १९,६२६. तिसऱ्या पायरीवर गेल्या वर्षी ८९,५९२ आणि यंदा ८८,८७४. सतराशे-अठराशेंचा फरक सातशेवर आला.

म्हणून कमिशन टक्केवारीने काढूच नये. पोर्टलच्या पेआउट स्टेटमेंटमधून बँकेत खरोखर जमा झालेली रक्कम घ्यावी. ऑफर लावली की पोर्टल कमिशनसोबत इतरही काही कापतं, आणि ते टक्केवारीच्या हिशेबात कधीच येत नाही. मात्र पेआउट पुढच्या महिन्यात जमा झाला तरी रक्कम पाहुणा राहिला त्या महिन्यात लिहा, जमा झाला त्या महिन्यात नाही. हे दोन मिसळले की जुलैच्या रात्री आणि जूनचे पैसे शेजारी बसतात आणि सरासरी दर वेडावाकडा दिसतो.

हिशेबनीस

मान्य. माझा हिशेब तेवढा कच्चा होता. बिलं_वाचा यांचे आकडे धरा.

मोगरा_डिचोली

म्हणजे तरीही थेट बुकिंग फायद्याचंच ना? पोर्टलच्या २,३१० मधून कपात जाऊन १,८१९ उरतात, थेटचे २,००० पूर्ण मिळतात. एका रात्रीमागे १८१ जास्त.

फ्रंट_ऑफिस

मोगरा, थेट बुकिंगही फुकट येत नाही. ताई, इन्स्टावर जाहिरात करता का? जुलैत किती गेले?

सत्तरीची_वाट

हो, जुलैत ३,००० गेले. ते मी ‘इतर खर्च’ या रकान्यात टाकले होते. गेल्या वर्षी जाहिरात नव्हती.

फ्रंट_ऑफिस

मग ते थेट बुकिंगच्या खात्यावर टाका. ३,००० भागिले २२ रात्री, म्हणजे रात्रीमागे १३६. मोगराने काढलेल्या १८१ मधून ते गेले की राहतात ४५. सध्या तुमचं थेट बुकिंग पोर्टलपेक्षा रात्रीमागे फक्त ४५ रुपयांनी बरं आहे, आणि फोन-व्हॉट्सॲपवर घालवलेला वेळ त्यात धरलेलाच नाही. कोणी कार्डाने पैसे दिले तर गेटवेचे पैसेही जातात. यूपीआय घेतलात तर ते वाचतात.

दुसरा आकडा म्हणून मी हाच सुचवेन: थेट रात्र पोर्टलच्या रात्रीपेक्षा किती रुपयांनी बरी. ‘थेट बुकिंगचा वाटा’ ११ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर गेला हे दिसायला फार सुंदर दिसतं, पण तो वाटा स्वस्त दर आणि जाहिरात देऊन विकत घेतला असेल तर त्या वाढीत कमाई नाही.

एक मर्यादा मात्र सांगतो. आज जाहिरात बघून आलेला पाहुणा पुढच्या वर्षी जाहिरातीशिवाय येऊ शकतो. म्हणून थेट बुकिंगसमोर ‘पहिल्यांदा’ की ‘पुन्हा’ एवढी एक खूण ठेवा. वर्षभराने त्या ३,००० चं खरं मोल तिथून काढता येईल. आज ते सांगता येणार नाही.

काजूगर

आमचं काजू फोडायचं छोटं युनिट आहे, आमचीही अशीच अडचण. कच्च्या बिया मार्च ते मे घेतो आणि गर वर्षभर विकतो. महिन्याचा डॅशबोर्ड केला तर एप्रिलमध्ये सगळं लाल आणि डिसेंबरमध्ये सगळं हिरवं. आम्ही काय करावं?

हिशेबनीस

काजूगर, तुमच्याकडे घोळ खरेदीचा आणि विक्रीचा महिना मिसळल्याने होतोय. खरेदीचा खर्च एप्रिलवर टाकू नका. जितके किलो गर त्या महिन्यात विकले तितक्याच किलोंचा कच्च्या मालाचा खर्च त्या महिन्यावर टाका, बाकीचा माल साठ्यात दाखवा. आणि रोख शिल्लक वेगळ्या ओळीत ठेवा, कारण एप्रिलचा खरा धोका तोट्याचा नसून पैसे संपण्याचा आहे. तुमचा मुख्य आकडा वेगळा असेल: शंभर किलो बियांतून किती गर निघाला आणि त्यात अख्खा किती, तुकडा किती. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू.

आकडेमोड

मूळ प्रश्नाकडे येतो. ताईंच्या आराखड्यातला दुसरा मुद्दा आठवड्याच्या मधल्या दिवसांचा होता, आणि त्यासाठी २३ मध्ये एकही आकडा नाही. महिन्याची एकच ऑक्युपन्सी आहे. तो मुद्दा मोजायचा तर शुक्रवार-शनिवारच्या रात्री वेगळ्या आणि रविवार ते गुरुवारच्या वेगळ्या काढा. रविवारची रात्र मधल्या दिवसांत धरा, कारण पाहुणे रविवारी दुपारी निघतात. बरेच जण ती शनिवार-रविवारच्या जोडीत टाकतात आणि मग काहीच नीट दिसत नाही.

२०२४ आणि २०२५ दोन्ही वर्षी जुलैत शुक्रवार-शनिवारच्या रात्री आठच होत्या, त्यामुळे तुलना सोपी आहे. ऑगस्टमध्ये मात्र दोन्ही वर्षी दहा होत्या. जुलैवरून ऑगस्टची ऑक्युपन्सी वाढलेली दिसली तर त्यातला काही भाग निव्वळ कॅलेंडरचा असेल.

सत्तरीची_वाट

रजिस्टर घेऊन बसले आणि मोजलं.

शुक्रवार-शनिवार (४० रूम नाइट उपलब्ध): गेल्या वर्षी ३६, यंदा ३४.
रविवार ते गुरुवार (११५ उपलब्ध): गेल्या वर्षी १८, यंदा २८.

हिशेबनीस

ताई, हे तुमच्या सगळ्या २३ आकड्यांपेक्षा मोलाचं निघालं.

मधल्या दिवसांची योजना लागू पडली आहे. जवळजवळ १६ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेलात. पण कमी केलेला दर तुम्ही सगळ्या दिवसांना लावला. शुक्रवार-शनिवारच्या खोल्या गेल्या वर्षी २,६०० ला ४० पैकी ३६ जात होत्या. त्या रात्रींना सवलतीची गरजच नव्हती, आणि सवलत देऊनही दोन कमीच गेल्या.

यंदा त्या ३४ रात्रींचे सरासरी २,२०० ने ७४,८०० आले असं धरू. दर २,६०० च ठेवला असता आणि पाच रात्री रिकाम्या गेल्या असत्या, तरी २९ रात्रींचे ७५,४०० झाले असते. शिवाय पाच रात्रींचा ४५० प्रमाणे खर्च वाचला असता. म्हणजे जुलैची खोट आराखड्याची नाही, सवलत चुकीच्या दिवसांवर गेली त्याची आहे. सप्टेंबरपासून सवलत फक्त रविवार ते गुरुवारच्या रात्रींना ठेवा.

मोगरा_डिचोली

हे पटलं. माझी ‘ऑक्युपन्सी एकच बघा’ ही सूचना मागे घेते. मात्र दोन भागांत मोजलेली ऑक्युपन्सी उपयोगाची आहे, तेवढं राहू द्या.

खाणीवरचा_इंजिनियर

एक शंका. दोन रात्री इकडे, दहा रात्री तिकडे, एवढ्या छोट्या आकड्यांवरून निष्कर्ष काढायचा का? बेळगावचं एक कुटुंब पाचही खोल्या दोन रात्री घेऊन गेलं की १० रूम नाइट झाल्या. १५५ मध्ये ते साडेसहा टक्के होतात. १८ चे २८ झाले ते एका लग्नाच्या वऱ्हाडामुळेही असू शकतं.

आकडेमोड

शंका रास्त आहे. त्यावर दोन उपाय. एक, रात्रींच्या शेजारी ‘वेगवेगळी किती बुकिंगं’ हा आकडा ठेवा. २८ रात्री १५ बुकिंगांतून आल्या असतील तर कल खरा असण्याची शक्यता जास्त. तीन बुकिंगांतून आल्या असतील तर थांबून बघा. दोन, महिन्याच्या आकड्याखाली मागच्या तीन महिन्यांची एकत्र बेरीज दाखवा आणि मोठे निर्णय त्या बेरजेवर घ्या. तीन टक्केवाऱ्यांची सरासरी काढू नका. विकलेल्या रात्रींची बेरीज घेऊन उपलब्ध रात्रींच्या बेरजेने भागा, नाहीतर दिवस बंद ठेवलेल्या महिन्याला जास्त वजन मिळतं.

सत्तरीची_वाट

मोजलं. २८ रात्री ११ बुकिंगांतून आल्या, सर्वांत मोठं बुकिंग सहा रात्रींचं.

खाणीवरचा_इंजिनियर

मग सहा काढल्या तरी २२ राहतात, १८ च्या वरच. दिशा बरी आहे, पण मी अजून ऑगस्ट आणि सप्टेंबर बघितल्याशिवाय छातीठोक म्हणणार नाही.

फ्रंट_ऑफिस

आतापर्यंत सगळे आकडे होऊन गेलेल्या रात्रींचे आहेत. जुलैत राहिलेल्या पाहुण्याने बुकिंग जूनमध्ये केलेलं असू शकतं. म्हणजे हा डॅशबोर्ड तुम्हाला जुन्या निर्णयांचं फळ दाखवतो. पुढचं कळायला एक आकडा हवा: आज तारखेला पुढच्या प्रत्येक महिन्याच्या किती रात्री हातात आहेत, आणि गेल्या वर्षी याच तारखेला किती होत्या. हॉटेलात हा रोज बघतात, तुम्हाला महिन्याच्या १ तारखेला पुरे.

यात मोठी अडचण अशी की गेल्या वर्षी त्या तारखेला काय हातात होतं हे नंतर सापडत नाही. लोक रद्द झालेलं बुकिंग रजिस्टरमधून खोडून टाकतात, आणि मग जुनी स्थिती पुन्हा उभी करता येत नाही. म्हणून ओळ कधीही पुसू नका, ‘रद्द तारीख’ हा रकाना भरा.

आणि रजिस्टर बुकिंगप्रमाणे न ठेवता ‘एक खोली, एक रात्र, एक ओळ’ असं ठेवा. ३० ऑगस्ट ते २ सप्टेंबर असं बुकिंग दोन महिन्यांत कसं वाटायचं हा प्रश्नच मग उरत नाही. महिन्याला जास्तीत जास्त १५५ ओळी आणि थोड्या रद्द झालेल्या. रकाने असे: A रात्रीची तारीख, B खोली, C बुकिंग केल्याची तारीख, D मार्ग, E हातात आलेली रक्कम, F रद्द तारीख.

मग H1 मध्ये ज्या तारखेची स्थिती हवी ती, H2 मध्ये महिन्याची पहिली तारीख आणि H3 मध्ये त्यापुढच्या महिन्याची पहिली तारीख टाकायची:

```
=COUNTIFS(A:A,">="&H2,A:A,"<"&H3,C:C,"<="&H1,F:F,"")
+COUNTIFS(A:A,">="&H2,A:A,"<"&H3,C:C,"<="&H1,F:F,">"&H1)
```

दुसरी ओळ महत्त्वाची आहे. जे बुकिंग आज रद्द दिसतं पण त्या तारखेला जिवंत होतं, ते ती मोजते. ती विसरलात तर गेल्या वर्षीचा आकडा खरा होता त्यापेक्षा कमी दिसतो आणि यंदा आपण पुढे आहोत असा भास होतो.

सत्तरीची_वाट

गेल्या वर्षीच्या रजिस्टरमधून ऑक्टोबरच्या ओळी उतरवून बघितल्या. उत्तर शून्य येतंय. रात्री तर होत्या.

कळंगुटचो_वारो

तारखा मजकूर म्हणून बसल्या असणार. शीटची लोकेल अमेरिकेची असेल तर 25/10/2024 ही तारीख तिला समजतच नाही, आणि 05/10/2024 ती १० मे समजते. दुसरी चूक जास्त वाईट, कारण ती दिसत नाही. File मध्ये Settings, तिथे Locale भारत करा. मग रिकाम्या रकान्यात हे टाकून खाली ओढा:

```
=ISNUMBER(A2)
```

जिथे FALSE येईल ती तारीख मजकूर आहे, पुन्हा टाइप करा. मात्र 05/10 सारख्या तारखा लोकेल बदलल्यावरही आपोआप सुधारत नाहीत. दिवस १२ किंवा त्याहून कमी असलेल्या सगळ्या ओळी एकदा डोळ्यांखालून घाला.

सत्तरीची_वाट

तेच होतं. आता आकडा आला. ऑक्टोबरसाठी १ सप्टेंबरला गेल्या वर्षी १९ रात्री हातात होत्या, यंदा २७. वारो बाब, फार मदत झाली.

फ्रंट_ऑफिस

छान. पण यात सवलतीत गेलेल्या किती ते बघा. दसरा-दिवाळीच्या रात्री इतक्या लवकर कमी दरात गेल्या असतील तर २७ हा आनंदाचा आकडा नाही. अशा तारखांना दर आत्ताच वर न्यायचा असतो. यंदा दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आहे, गेल्या वर्षी महिन्याच्या अगदी शेवटी होती, तेही ध्यानात ठेवा.

माटोळी

सणांचा विषय निघालाच आहे तर विचारते. गेल्या वर्षी चवथ ७ सप्टेंबरला होती, यंदा २७ ऑगस्टला. घरच्या माणसांसाठी खोल्या बंद ठेवल्या असतील ना? मग ऑगस्टचं काय करणार?

सत्तरीची_वाट

हो, २६ ते ३० ऑगस्टच्या पाच रात्री पाचही खोल्या घरच्यांना दिल्या. ऑगस्टमध्ये ६५ विकल्या. १५५ ने भागलं तर ४२ टक्के, बंद ठेवलेल्या २५ काढून १३० ने भागलं तर बरोबर ५०.

मोगरा_डिचोली

१३० नेच भागायला हवं. ज्या खोल्या विकायलाच ठेवल्या नाहीत त्यांचा ठपका कशाला?

हिशेबनीस

माझं मत उलटं आहे. १५५ च धरा. खोली बंद ठेवणं हा तुमचा निर्णय आहे आणि त्याची किंमत डॅशबोर्डवर दिसली पाहिजे. एकदा बंद रात्री वगळायची सवय लागली की नळ गळतोय म्हणून आठ दिवस बंद राहिलेली खोलीही वगळली जाते, आणि दुरुस्तीतली दिरंगाई कुठेच दिसत नाही.

आकडेमोड

दोघांचंही काही अंशी खरं. पैशांचा आकडा १५५ वर काढा, कारण हप्ता १५५ रात्रींचाच जातो. विक्री कशी चालली ते बघायला १३० वर काढा. शेजारी बंद रात्रींची संख्या कारणासह लिहा: घरचं, दुरुस्ती, इतर.

आणि गेल्या वर्षीशी तुलना करताना ऑगस्ट-सप्टेंबर एकत्रच घ्या. गेल्या वर्षी बंद रात्री सप्टेंबरमध्ये होत्या, त्यामुळे सुटा ऑगस्ट यंदा वाईट दिसेल आणि सुटा सप्टेंबर फार चांगला. दोन्ही भास आहेत. कार्निव्हलचंही तेच होणार. यंदा तो मार्चच्या सुरुवातीला होता, २०२६ मध्ये फेब्रुवारीच्या मध्यावर येईल.

माटोळी

पण चवथीला खोल्या घरच्यांना देणं याला ‘किंमत’ म्हणणंच मला पटत नाही. त्या खोल्या त्या पाच दिवसांत धंद्याच्या नसतातच. आराखड्यातच त्या रात्री धरायला नकोत.

हिशेबनीस

तसं आराखड्यात आधीच लिहिलेलं असतं तर मी लगेच मानलं असतं. महिना संपल्यावर भाजक बदलणं मला मान्य नाही.

बिलं_वाचा

रिव्ह्यूच्या गुणांबद्दल कोणी बोललं नाही. ताई, एकूण किती रिव्ह्यू आहेत?

सत्तरीची_वाट

१४०, सरासरी ४.४.

बिलं_वाचा

मग तो आकडा डॅशबोर्डवरून काढा. पुढच्या महिन्यात सहा पाहुण्यांनी तीनच गुण दिले तरी सरासरी ४.३४ वर येईल आणि पोर्टलवर ४.३ दिसेल. सहाच्या सहा पाहुणे नाराज होऊन आकडा एवढाच हलतो. त्याऐवजी त्या महिन्यात आलेले तीन किंवा कमी गुणांचे रिव्ह्यू किती आणि तक्रार कशाची, एवढं लिहा. पावसात साधारण कुबट वास, गेलेली वीज आणि नेटवर्क यांचीच तक्रार येते. धबधब्यांवर बंदी आल्यामुळे नाराज झालेले पाहुणे वेगळे लिहा, ते तुमच्या हातात नाही, पण बुकिंगच्या वेळीच सांगणं हातात आहे.

फॉलोअर आणि वेबसाइटच्या भेटीही काढा. चौकशा मात्र ठेवा, कारण चौकशा किती आणि त्यांतून बुकिंग किती यावरून कळतं की माणसंच येत नाहीत की येऊन परत जातात. पहिल्यात जाहिरात सुधारायची, दुसऱ्यात दर किंवा उत्तर द्यायची वेळ.

सत्तरीची_वाट | ९ सप्टेंबर २०२५

सर्वांचे मनापासून आभार. २३ वरून सहावर आले आहे:

१. सगळी कपात, जाहिरात आणि भरलेल्या खोलीचा खर्च काढून दर उपलब्ध रात्रीमागे उरलेले रुपये.
२. थेट रात्र पोर्टलपेक्षा किती रुपयांनी बरी, जाहिरात धरून.
३. रविवार-गुरुवार आणि शुक्रवार-शनिवार यांची वेगळी ऑक्युपन्सी, शेजारी बुकिंगांची संख्या.
४. पुढच्या तीन महिन्यांच्या हातात असलेल्या रात्री, गेल्या वर्षीच्या याच तारखेशी तुलना करून.
५. चौकशा आणि त्यांतून झालेली बुकिंगं.
६. कमी गुणांचे रिव्ह्यू, कारणासह.

जाहिरात धरून जुलै पुन्हा काढला. ८५,८७४ उरतात, म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा ३,७१८ कमी. दर उपलब्ध रात्रीमागे ५७८ चे ५५४. वीजबिल, फॉलोअर वगैरे दुसऱ्या पानावर टाकलं, हवं तेव्हा बघेन.

हिशेबनीस

यादी चांगली आहे. आता प्रत्येकासमोर एक ओळ आजच लिहा: आकडा कुठे गेला तर काय करणार. उदाहरणार्थ, दुसरा आकडा सलग दोन महिने १०० च्या खाली राहिला तर जाहिरात थांबवून थेटचा दर १०० ने वाढवणार. चौथा आकडा गेल्या वर्षीच्या तीन चतुर्थांशाच्या खाली गेला तरच मधल्या दिवसांची सवलत वाढवणार. ज्या आकड्यासमोर अशी ओळ सुचत नाही तो काढून टाका. माझ्या मते पाचवा तसा आहे.

बिलं_वाचा

पाचवा काढू नका. त्यासमोरची ओळ मी देतो: दहा चौकशांत दोनहून कमी बुकिंगं झाली तर त्या महिन्याच्या सगळ्या व्हॉट्सॲप चौकशा उघडून पहिलं उत्तर किती वेळाने गेलं ते बघायचं.

सत्तरीची_वाट

पाचवा ठेवते. बंद रात्रींचंही पुढच्या वर्षापुरतं ठरवलं: चवथीच्या पाच रात्री आराखड्यातच आधी वगळणार, दुरुस्तीच्या वगळणार नाही. यंदाचा ऑगस्ट मात्र १५५ वरच ठेवते.

माटोळी

पुढच्या वर्षी चवथ १४ सप्टेंबरला आहे. म्हणजे २०२६ चा ऑगस्ट तुम्ही पुन्हा याच ऑगस्टशी ताडून बघणार, आणि यात २५ रात्री बंद होत्या. त्याचं काय?

आकडेमोड

त्या ओळीत शेरा लिहून ठेवा. आणि ऑगस्ट-सप्टेंबरची जोडी तेव्हाही एकत्रच घ्या, दोन्ही वर्षांच्या चवथी त्या जोडीतच येतात. ३०५ रात्रींवर काढलेला आकडा तेवढा हलणार नाही.